पाय अचानक गार पडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्की होतं काय?

हाताला किंवा पायाला रक्त नेणारी मोठी धमनी एकाएकी तुंबते आणि तिच्या खालच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. डॉक्टरांच्या कागदावर याला ‘अ‍ॅक्यूट लिंब इस्किमिया’ लिहिलेलं असतं. पुस्तकात चौदा दिवसांच्या आत सुरू झालेला त्रास या नावाखाली धरतात, पण गंभीर रुग्णाचा हिशेब तासांतच करावा लागतो. हातापेक्षा पायात हे कितीतरी जास्त दिसतं, म्हणून पुढे मी पायाबद्दलच लिहितो.

असा रुग्ण प्रत्यक्षात कसा येतो?

एका बाईंचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय चव्वेचाळीस, माण तालुक्यातलं गाव. पहाटे पाचला धारा काढायला बसल्या आणि उजव्या पायातून अशी कळ आली, की हातातली चरवी सुटली. घरच्यांना वाटलं चमक भरली. तेल चोळलं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. साडेसातला गावातच दुखणं थांबवायचं इंजेक्शन झालं. साडेनऊला दिरांनी जीपमधून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही पायांवरचं पांघरूण काढून दोन्ही पाय शेजारी शेजारी बघितले, घोट्याजवळची नाडी चाचपली, ती उजवीकडे लागली नाही. तिथेच शिरेतून रक्त साकळू न देणारं हेपॅरिन, ५००० युनिट, देऊन त्यांनी बाईंना पुढे पाठवलं आणि फोन करून कळवलं. त्या इंजेक्शनाचे आणि त्या फोनचे उपकार मी विसरलेलो नाही.

सव्वाबाराला त्या आमच्याकडे पोहोचल्या. मी विचारलं, “दुखतंय का?” त्या म्हणाल्या, “आता दुखायचं थांबलंय बघा डॉक्टर, नुसता जड लागतोय.” घरच्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना होती. माझी धास्ती मात्र तिथेच वाढली.

दुखणं थांबलं तर चांगलंच ना? धास्ती कशाची?

रक्त तुटलं की सगळ्यात आधी मज्जातंतू कुरकुरतात, मग स्नायू. कातडी सगळ्यात चिवट, ती बराच वेळ तग धरते. सुरुवातीची भयंकर वेदना म्हणजे उपाशी पडलेल्या मज्जातंतू-स्नायूंची ओरड. रक्तपुरवठा परत न येता ती वेदना ओसरत असेल, तर मज्जातंतू गप्प होत चालला आहे. दुखणं कमी आणि बधिरपणा जास्त, ही अदलाबदल वाईट. कातडी अजून धड दिसते म्हणून ‘पाय तसा बरा आहे’ असं वाटतं, पण आतला स्नायू तोवर मरत असू शकतो.

मग लक्षणं कोणती बघायची?

वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी सहा लक्षणं पाठ करतो. इंग्रजीत सगळी ‘प’ने सुरू होतात, म्हणून लक्षात राहतात: वेदना, पांढरेपणा, नाडी न लागणं, गारठा, बधिरपणा आणि लुळेपणा. यादी बरोबर आहे. पण ती पाठ करणारे अनेकजण सहाही लक्षणांना एकाच मापाने तोलतात आणि तिथे चुकतात.

पहिली चार सांगतात की रक्त तुटलं आहे. शेवटची दोन सांगतात की वेळ किती उरला आहे. पाय पांढराफटक आणि गार आहे, नाडी नाही, पण बोटं नीट हलतात आणि स्पर्श कळतो, तर तपासण्या करायला थोडी उसंत आहे. बोटांना बधिरपणा आला तर उसंत कमी. आणि पावलाची ताकद गेली तर तपासण्यांचं सोडा, थेट ऑपरेशन थिएटर.

बधिरपणा आणि ताकद नेमकी कशी तपासायची?

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली, पावलाच्या वरच्या बाजूची बेचकी असते ना, तिथे कापसाने हलकेच स्पर्श करा आणि दुसऱ्या पायाशी तुलना करा. नडगीच्या पुढच्या अंगाच्या कप्प्यातून येणाऱ्या मज्जातंतूची ही जागा. तो कप्पा फार लवकर कळवळतो, म्हणून इथला स्पर्श आधी बदलतो. टाचणी टोचून ‘कळतं का’ विचारू नका. टाचणी बराच काळ कळत राहते, हलका स्पर्श आधी जातो.

ताकदीचं म्हणाल, तर रुग्णाला अंगठा आणि पाऊल स्वतःकडे, वर ओढायला सांगा आणि बोटाने अडवून बघा. नुसतं ‘बोटं हलव’ म्हणू नका. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू पावलात नसतात, वर नडगीत आणि पोटरीत असतात. त्यामुळे पावलाची अवस्था वाईट असूनही बोटं थोडी हलताना दिसतात आणि बघणारा फसतो.

मग पोटरी दाबून बघा. मऊ असेल तर ठीक. दाबल्यावर दुखत असेल तर स्नायू संकटात आहे. लाकडासारखी कडक असेल तर बहुधा उशीर झाला आहे. रंगाचंही तसंच. आधी संगमरवरासारखा पांढरा, मग निळसर जाळी. ती जाळी दाबल्यावर फिकी पडत असेल तर आशा आहे. दाबूनही डाग तसाच राहिला तर तिथलं रक्त केशवाहिन्यांतच साकळलं आहे.

त्या बाईंना पावलाच्या मध्यापर्यंत बधिरपणा होता. पाऊल वर ओढता येत होतं, पण माझ्या एका बोटानेही ते अडत होतं. पोटरी दुखरी, अजून मऊ. हातातल्या डॉपलर यंत्राने घोट्यावर धमनीचा आवाज येत नव्हता, शिरेचा वाऱ्यासारखा आवाज मात्र येत होता. शिरेचाही आवाज गेला असता आणि पाय पूर्ण लुळा असता, तर पाय वाचवण्याची भाषा आम्हाला सोडावी लागली असती.

सहा तासांत आलं तर पाय वाचतो, नंतर नाही, असं ऐकलंय.

सहा तास हा ढोबळ आकडा आहे. त्यानंतर स्नायू आणि मज्जातंतूची हानी बहुधा भरून न येणारी होते, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी बसला. प्रत्यक्षात घड्याळ प्रत्येक पायाचं वेगळं चालतं, आणि ते आडवाटांवर ठरतं. मोठा रस्ता बंद झाला तरी बाजूच्या बारीक धमन्या थोडं रक्त खाली पोहोचवत असतात. ज्याच्याकडे या आडवाटा आधीच तयार आहेत, त्याचा पाय दोन दिवसही तग धरू शकतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचा पाय चार तासांतच गडबडतो. म्हणून उशीर झाला असं वाटून घरी थांबू नका. वेळ संपली की नाही हे पाय तपासून ठरतं.

आडवाटा कुणाकडे असतात आणि कुणाकडे नाहीत?

इथेच या आजाराचे दोन चेहरे वेगळे होतात.

पहिला: गुठळी दुसरीकडे, बहुतेकदा हृदयात तयार होते, सुटते आणि प्रवाहाबरोबर वाहत येऊन पायात अडकते. याला एम्बोलस म्हणतात. त्या पायाच्या धमन्या कालपर्यंत स्वच्छ असतात. आडवाटा तयार व्हायचं कारणच पडलेलं नसतं. त्यामुळे घाव अचानक आणि पूर्ण बसतो. रुग्ण मिनिटाचा हिशेब देतो: “पाचला, धार काढताना.”

दुसरा: धमनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचा आणि चुन्याचा थर साचलेला असतो, वाट अरुंद झालेली असते, आणि एके दिवशी तिथल्या तिथे गुठळी धरते. हा थ्रॉम्बोसिस. शरीराने मधल्या काळात आडवाटा रुंद करून ठेवलेल्या असतात, म्हणून पाय हळूहळू बिघडतो. रुग्ण म्हणतो, “परवापासून पाय गार लागतोय, बहुतेक सोमवारपासून.”

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

यंत्राआधी गप्पांमधून. मी विचारतो, “याआधी चालताना पोटरी भरून येत होती का? थांबल्यावर बरं वाटायचं का?” वर्ष-दोन वर्षं असं होत असेल तर धमनी आधीपासून आजारी आहे. मग दुसरा पाय बघतो. चांगल्या पायाच्या सगळ्या नाड्या टणटणीत असतील तर गुठळी वाहत आल्याचा संशय बळावतो. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या पायाच्याही नाड्या क्षीण असतील, नडगीवरचे केस गेले असतील, तर आजार तिथल्या तिथला आहे. आजारी पायापेक्षा निरोगी पायच जास्त सांगून जातो, याची मला अजूनही गंमत वाटते.

मग मनगटाची नाडी. ठोके अगदी बेतालपणे, कधी लगेच तर कधी थांबून पडत असतील तर हृदयाचा वरचा कप्पा थरथरतो आहे. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते. आपल्याकडे आणखी एक कारण आजही भेटतं: लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप. नुकताच मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल तर हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला चिकटलेली गुठळीही सुटून येऊ शकते.

दोन्ही गुडघ्यांच्या मागेही हात घालतो. तिथे धमनी फुग्यासारखी फुगलेली असू शकते, आणि आत गुठळी धरून ती एकदम बंद पडते. असा फुगवटा पुष्कळदा दोन्हीकडे असतो, त्यामुळे चांगल्या गुडघ्यामागे रुंद, जोरकस ठोका लागला तर उत्तर मिळालं.

त्या बाईंची नाडी बेताल होती. बारा वर्षांपूर्वी झडप अरुंद असल्याचं निदान झालेलं, रक्त पातळ करायची गोळी चालू होती. दर महिन्याला आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे बघायच्या तपासणीसाठी शहरात यायला लागायचं. एका खेपेचा खर्च आणि बुडालेला दिवस मोजून त्यांनी तीन महिन्यांपूर्वी गोळी बंद केली होती. त्यांना मी दोष देत नाही. गाडीभाडं मी भरत नव्हतो.

गुठळी अडकते कुठे?

धमनीला फाटा फुटतो तिथे. फाट्यापुढे नळ्या एकदम बारीक होतात, म्हणून वाहत आलेला गोळा तिथे बसतो. सगळ्यात जास्त जांघेत, मग गुडघ्यामागे. कधी पोटात, महाधमनीचे दोन भाग होतात तिथेच गुठळी खोगिरासारखी बसते आणि दोन्ही पाय एकदम जातात. अशा माणसाला पाठीच्या कण्याचा झटका समजून भलत्याच तपासणीला नेलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही जांघांत नाडी बघायला अर्धं मिनिट लागतं.

गारपणाची सीमा अडथळ्याच्या जागेपेक्षा साधारण एक सांधा खाली दिसते. बाईंचा पाय पोटरीच्या मध्यापासून गार होता, जांघेत ठोका जोरात, गुडघ्यामागे काहीच नाही. म्हणजे गुठळी जांघेतल्या फाट्यावर.

शिरेतल्या गुठळीपेक्षा हे वेगळं कसं?

शीर तुंबली तर रक्त परत जात नाही: पाय सुजतो, गरम आणि जड होतो. धमनी तुंबली तर रक्त येतच नाही: पाय सुजत नाही, गार असतो, शिरा रिकाम्या होऊन खाचा पडल्यासारख्या दिसतात.

घरी काय करावं?

रक्तवाहिन्यांवर किंवा हृदयावर शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयाकडे निघावं, १०८ला फोन करावा, आणि निघताना त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी. पाय आडवा किंवा किंचित खाली ठेवावा. उशीवर उंच ठेवला तर उरलंसुरलं रक्तही पोहोचत नाही.

शेकू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, आणि रक्ताअभावी भाजलेली कातडी भरून येत नाही. त्या बाईंच्या पोटरीवर पिशवीचा फोड आला होता, तो भरायला पुढे आठ आठवडे लागले. चोळणं, घट्ट पट्टी बांधणंही नको. ऑपरेशनची शक्यता असते, म्हणून वाटेत चहा-नाश्ताही नको.

मधुमेह असेल तर?

जास्त सावध राहा. पाय आधीच बधिर असेल तर वेदना होतेच असं नाही. रंग, गारवा आणि नाडी यांवर भिस्त ठेवावी लागते.

हेपॅरिनने गुठळी विरघळते का?

नाही. ते गुठळीला वाढू देत नाही, तिच्या मागेपुढे साकळू पाहणारं रक्त वाहतं ठेवतं आणि आडवाटा वाचवते. एवढ्यानेही वेळ मिळतो. मेंदूत रक्तस्राव किंवा दुसरीकडे मोठा रक्तस्राव चालू नसेल, तर संशय आला की लगेच देतात, अहवालाची वाट बघत नाहीत.

वाहत आलेली गुठळी बाहेर कशी काढतात?

बाईंचं सिटी स्कॅन आम्ही केलं नाही. ताकद जात होती आणि हातांनीच जागा सांगितली होती. जांघेत उभा छेद घेतला, भूल तेवढ्या भागापुरती, भूलतज्ज्ञ शेजारी तयार. धमनीला आडवा छोटा काप घेतला. तिथेच काळपट, जेलीसारखी गुठळी दिसली.

मग फोगार्टीचा कॅथेटर: बारीक लवचीक नळी, टोकाला इवलासा फुगा. मांडीतून खाली जायला चार नंबरचा, पोटरीतल्या बारीक धमन्यांना तीन नंबरचा. फुगा न फुगवता नळी गुठळीच्या पलीकडे सरकवायची, मग फुगा अलगद फुगवून मागे ओढायचं. फुगा किती फुगवायचा हे बोटांनी ठरतं. जास्त फुगवला तर धमनीची आतली अस्तरं सोलून निघतात. बाईंच्या पायातून करंगळीएवढी गुठळी आली आणि तिच्यामागे लांब शेपूट. शेपूट म्हणजे नंतर तिथेच साकळलेलं रक्त. नळी दोनदा रिकामी येईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवली, मग औषध सोडून एक्सरेवर घोट्यापर्यंतची वाट मोकळी असल्याची खात्री केली. खालून उलट रक्त आलं एवढ्यावर समाधान मानू नये, ते आडवाटेचंही असतं.

ही नळी अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांनी तरुणपणी बनवली आणि १९६३ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. पहिला फुगा त्यांनी सर्जिकल हातमोज्याच्या बोटाचा केला होता, आणि तो बांधला मासेमारीच्या गळाला आमिष बांधण्याच्या गाठीने. त्याआधी अशा गुठळ्या काढायला लांबलचक छेद घ्यावे लागत आणि तरी बरेच पाय जात.

मग प्रत्येकालाच असा फुगा फिरवून मोकळं का करत नाही?

दुसरा रुग्ण आठवतो. त्रेसष्ट वर्षांचे काका, चाळीस वर्षं बिडी. दोन वर्षं दोनशे पावलांवर थांबावं लागायचं. दोन दिवसांपूर्वी डावा पाय गार पडला, बोटांना मुंग्या, पण ताकद शाबूत. उजव्या पायाच्या नाड्याही बेताच्या. गुठळी तिथल्या तिथली हे उघड होतं.

अशा धमनीत फुगा आंधळेपणाने ओढला तर तो खडबडीत थरावर अडतो, थर फाटतो. गुठळी निघाली तरी अरुंद जागा तशीच राहते आणि काही तासांत पुन्हा साकळते. त्यांच्याकडे वेळ होता, म्हणून हेपॅरिन चालू ठेवून सिटी अँजिओग्राफी केली, मग गुठळीतच बारीक नळी ठेवून गुठळी विरघळवणारं औषध रात्रभर थेंबाथेंबाने सोडलं. सकाळी मांडीतली अरुंद जागा स्वच्छ दिसली, तिथे फुगवून स्टेंट टाकला. काहींना बायपास लागतो. या औषधाने रक्तस्रावाची जोखीम असते, त्यामुळे नुकताच पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन झालेल्याला ते देत नाहीत. ताकद जात असलेल्या पायालाही ते सहसा चालत नाही, कारण रात्रभर थांबायला वेळ नसतो.

रक्त सुरू झालं म्हणजे सुटलो?

अजून नाही. बाईंच्या पायात रक्त आलं तेव्हा पावणेदोन झाले होते, म्हणजे पावणेनऊ तास. उपाशी स्नायूला रक्त मिळालं की तो सुजतो. पोटरीचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणाच्या चार कप्प्यांत बंद असतात. आत सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो आणि मोकळ्या केलेल्या धमनीनंतरही स्नायू गुदमरतो. घोट्यावर नाडी असूनही हे होऊ शकतं, आणि इथे पुष्कळजण चकतात. ओळख म्हणजे वेदना पुन्हा अवाजवी वाढणं आणि बोटं वाकवून ताणली की कळ जाणं.

म्हणून इतक्या उशिराच्या पायाला आम्ही वाट न बघता त्याच बैठकीत पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब छेद देऊन चारही कप्पे उघडतो. बघायला भीषण वाटतं. बाईंचे दीर जखमा बघून चक्कर येऊन बसले. काही दिवसांनी सूज उतरल्यावर एक बाजू टाके घालून बंद केली, दुसऱ्या बाजूला कातडी लावली.

दुसरं संकट रक्तातलं. मेलेल्या स्नायूंतून पोटॅशियम, आम्ल आणि स्नायूंचं रंगद्रव्य एकदम वाहून येतं. पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, रंगद्रव्याने मूत्रपिंड. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली तर लगेच सांगावं. पूर्ण मेलेल्या पायात रक्त सोडणं म्हणूनच जीवावर बेतू शकतं, आणि अशा वेळी पाय काढणं हेच जीव वाचवणारं ऑपरेशन ठरतं.

बाई आज चालतात. पाऊल वर उचलायची ताकद यायला पाच महिने गेले, तोवर घोट्याला आधाराची पट्टी होती. अंगठ्याजवळची बेचकी अजून बधिर आहे.

नंतर गोळ्या किती दिवस?

कारण जाईपर्यंत, आणि पुष्कळदा ते जात नाही. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्या आणि नाडी बेताल असलेल्या रुग्णाला आम्ही वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल देतो आणि आयएनआर दोन ते तीनमध्ये ठेवतो. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांची चौकशी सगळे करतात. पण अशा झडपेच्या रुग्णांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जुनी गोळीच सरस ठरली. बाईंना आता आयएनआर तालुक्यालाच करता येतो, अहवाल फोनवर येतो, डोस फोनवर सांगतो. काकांचं वेगळं: त्यांना अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बिडी बंद. बिडीबाबत ते अजून वाटाघाटी करत आहेत.

काढलेल्या गुठळीचं काय करता?

बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवतो. नातेवाइकांना हा वायफळ खर्च वाटतो. पण हृदयाच्या कप्प्यात मिक्सोमा नावाची जेलीसारखी गाठ वाढते, तिचा तुकडा सुटूनही पायात अडकतो, आणि डोळ्यांना तो साध्या गुठळीसारखाच दिसू शकतो. कधीकधी त्या गाठीचा पहिला पत्ता पायातून काढलेल्या त्या तुकड्यानेच लागतो. बाईंच्या बाटलीत साधी गुठळीच निघाली.